अकरा वर्षांच्या सहकाऱ्याला ‘कारणे दाखवा’ नोटीस लिहिताना

आमची कंपनी साठेक माणसांची आहे. प्रशासन आणि मनुष्यबळ ही दोन्ही खाती माझ्याकडेच आहेत. हजेरी, पगारपत्रक, रजा, नेमणुकीची पत्रं यांत माझा हात बसलेला आहे. पण गंभीर गैरवर्तनाबद्दल कुणाला कारणे दाखवा नोटीस देण्याची वेळ या जूनपर्यंत कधी आली नव्हती. आली तीही ज्यांना सगळी कंपनी ‘काका’ म्हणते त्या स्टोअरकीपरच्या बाबतीत. ते अकरा वर्षं आमच्याकडे आहेत. प्रकरण आता संपलं आहे आणि त्यांना विचारूनच मी हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, कागदांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे.

सोमवार, २ जूनला सहामाही साठामोजणी सुरू झाली. तांब्याच्या तारेची रीळं नोंदवहीप्रमाणे ४१ हवी होती, मोजली तर ३५ निघाली. मंगळवारी स्टोअर अर्धा दिवस बंद ठेवून दोन वेगळ्या माणसांकडून पुन्हा मोजून घेतलं. आकडा पुन्हा ३५ आला. ही दुसरी मोजणी मला त्या वेळी वेळखाऊ वाटली होती. पुढे नोटिशीत ‘दोन स्वतंत्र मोजण्यांत’ हे शब्द लिहिता आले ते तिच्यामुळेच.

बुधवारी गेटपासचं पुस्तक चाळलं. त्यात दोन पास निघाले. पास क्रमांक ११८, १२ मे, चार रीळं. पास क्रमांक १२६, २३ मे, दोन रीळं. दोन्हींवर कारण लिहिलेलं, ‘दुरुस्तीसाठी, परत येणार’. तारेचं रीळ दुरुस्तीला जात नाही. दोन्ही पासांवर ‘तयार करणार’ या जागी काकांची सही होती आणि ‘मंजूर करणार’ ही जागा कोरी होती. शिवाय साठा नोंदवहीत १३ मेच्या ओळीत शिल्लक रकान्यावर पांढरी शाई लावून वर ४१ लिहिलं होतं. कागद उजेडासमोर धरला की खालचा ३७ दिसत होता.

त्याच दुपारी सिक्युरिटीच्या माणसाने आठवण करून दिली की गेटवरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग तीस दिवसच टिकतं, पुढे आपोआप पुसलं जातं. म्हणजे १२ मेचं चित्रण आणखी आठवडाभरच राहणार होतं. आम्ही दोन्ही दिवसांचं चित्रण लगेच काढून घेतलं. कुणी, कधी, कोणत्या यंत्रावरून प्रत घेतली ते एका कागदावर लिहून सही केली. तुमच्यावर अशी वेळ आली तर मसुद्याच्या आधी हे काम करा, कारण नोटीस लिहून, उत्तराची वाट बघून मग चित्रण शोधायला गेलात तर ते उरलेलं नसतं. त्या पुराव्यातून कर्मचारी सुटणार असला तरी तो गेलेलाच असतो.

गुरुवारी सकाळी मी सगळे कागद घेऊन मॅनेजरसाहेबांकडे गेले. ते संतापले. “आजच पत्र द्या आणि घरी पाठवा,” म्हणाले. मी दोन दिवस मागितले. त्यांनी दिले, पण नाखुशीने.

पहिला मसुदा मी त्या रात्री घरी लिहिला. तेव्हा मला राग होता, आणि त्याहून जास्त वाईट वाटत होतं. काकांनीच मला नवी असताना स्टोअरचे कागद वाचायला शिकवलं होतं. फसवले गेल्याची ती भावना सगळी शाईत उतरली. तो मसुदा मी जपून ठेवला आहे. त्यातला मुख्य परिच्छेद असा होता:

“आपण दि. १२ मे व २३ मे रोजी संगनमताने कंपनीच्या तांब्याच्या तारेची सहा रीळे चोरून बाहेर नेली व ते लपवण्यासाठी नोंदवहीत खाडाखोड केली, हे सिद्ध झाले आहे. आपण कंपनीचा घोर विश्वासघात केला आहे. आपल्याला नोकरीवरून का काढून टाकण्यात येऊ नये, याचा खुलासा ४८ तासांत करावा, अन्यथा आपली सेवा समाप्त करण्यात येईल.”

मला तो चांगला वाटला होता. कडक, मुद्देसूद, कंपनीच्या पत्रासारखा.

शुक्रवारी, ६ जूनला, कामगार कायद्याचे सल्लागार असलेल्या एका ज्येष्ठ वकिलांकडे तो नेला. त्यांनी पेन्सिल घेतली आणि काही न बोलता शब्दांखाली रेघा ओढल्या. संगनमताने. चोरून. लपवण्यासाठी. सिद्ध झाले आहे. घोर विश्वासघात. मग विचारलं, “यातलं तुम्ही काय पाहिलंत?”

मी म्हटलं, पास पाहिले, नोंदवही पाहिली, चित्रण पाहिलं.

“चोरी पाहिलीत?”

नव्हती पाहिली. १२ मेच्या चित्रणात चार रीळं गाडीत चढताना आणि काका बाजूला पुस्तक घेऊन उभे असलेले दिसत होते. २३ मेच्या चित्रणात ४ वाजून १० मिनिटांनी दोन रीळं चढताना दिसत होती, काका चौकटीत नव्हते. ते कडेला कुठेतरी असतील असं मी धरून चालले होते. संगनमत कुणाशी, तेही मला सांगता येईना.

ते म्हणाले, “मॅडम, सिद्ध झालंय असं तुम्हीच लिहिलंत, तर मग उत्तर कशाला मागता? उत्तर वाचायच्या आधी निकाल लागलाय असं या कागदावरून कुणीही म्हणेल, आणि त्याचं म्हणणं खरं असेल.” मग त्यांनी ब्रायटनच्या पोलीसप्रमुखाची गोष्ट सांगितली. १९५८ साली त्याच्यावर फौजदारी खटला चालला, त्यात तो निर्दोष सुटला. तरी न्यायाधीशांनी त्याच्याबद्दल काढलेल्या उद्गारांवर विसंबून स्थानिक समितीने त्याला नीट नोटीस न देता, म्हणणं न ऐकता बडतर्फ केलं. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि १९६३ साली तिथे ती बडतर्फी रद्दबातल ठरली. ‘रिज विरुद्ध बाल्डविन’ या नावाने तो निकाल ओळखला जातो. तो माणूस चांगला होता की वाईट हा तिथे मुद्दाच नव्हता. आरोप सांगून त्याचं ऐकून घेतलं का, एवढाच मुद्दा होता. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८२ च्या १५८ क्रमांकाच्या करारात, सातव्या कलमात, हेच साध्या शब्दांत आहे: वर्तनाच्या कारणावरून नोकरी संपवण्याआधी कामगाराला आरोपांविरुद्ध आपली बाजू मांडण्याची संधी मिळाली पाहिजे.

मी मसुदा परत घेऊन आले. शनिवार-रविवार त्यावरच गेले. सोमवारी पुन्हा त्यांच्याकडे तासभर बसले.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका आरोपाचे तीन करण्यात. माझ्या वाक्यात दोन तारखा, सहा रीळं, नोंदवही आणि हेतू हे सगळं एकत्र कालवलेलं होतं. अशा वाक्याला माणूस ‘हो’ही म्हणू शकत नाही आणि ‘नाही’ही म्हणू शकत नाही. वकिलांनी सांगितलेली कसोटी मला फार उपयोगी पडली: प्रत्येक क्रमांकाखाली असं एकच कृत्य लिहा की वाचणाऱ्याला ‘हे मी केलं’, ‘हे मी केलं नाही’ किंवा ‘केलं, पण कारण हे’ असं सरळ उत्तर देता आलं पाहिजे. त्यात तारीख, वेळ, जागा, वस्तू, संख्या आणि कोणत्या कागदावरून हे म्हणतो ते असावं. हेतूबद्दल काही नको. तो उत्तरात येईल किंवा चौकशीत.

शेवटी जे ठरलं ते असं:

“१. दि. १२ मे रोजी गेटपास क्र. ११८ अन्वये तांब्याच्या तारेची चार रीळे कंपनीच्या आवाराबाहेर गेली. या पासवर ‘तयार करणार’ म्हणून आपली सही असून ‘मंजूर करणार’ ही जागा कोरी आहे. कारण ‘दुरुस्तीसाठी, परत येणार’ असे नमूद आहे. ही रीळे आजपर्यंत परत आल्याची नोंद आढळत नाही.

२. दि. २३ मे रोजी दुपारी ४.१० च्या सुमारास गेटपास क्र. १२६ अन्वये याच मालाची दोन रीळे आवाराबाहेर गेली. या पासवरही आपली सही असून मंजुरीची सही नाही. ही रीळे परत आल्याची नोंद आढळत नाही.

३. साठा नोंदवहीत दि. १३ मेच्या नोंदीत शिल्लक रकान्यावर पांढरी शाई लावून ‘४१’ हा आकडा लिहिलेला आहे. दुरुस्तीशेजारी कोणाचीही सही नाही. दि. २ व ३ जूनच्या दोन स्वतंत्र मोजण्यांत प्रत्यक्ष साठा ३५ आढळला.

वरील बाबी प्रथमदर्शनी सेवानियमांतील ‘मंजुरीशिवाय माल बाहेर पाठवणे’ व ‘अभिलेखात अनधिकृत बदल करणे’ या गैरवर्तनाच्या व्याख्येत येतात असे दिसते. याबाबत कोणताही निष्कर्ष काढण्यात आलेला नाही.”

‘प्रथमदर्शनी’ हा शब्द मी आधी नुसता सरकारी अलंकार समजत होते. पण ‘असं दिसतं’ आणि ‘असं आहे’ यांतलं अंतर कागदावर दाखवणारा तोच एक शब्द आहे. फक्त तो शोभेपुरता घालून पुढे ‘आपण केलेली चोरी’ असं लिहिलं तर त्याला काही अर्थ राहत नाही. म्हणून ‘चोरी’ हा शब्द पूर्ण पत्रात कुठेच ठेवला नाही. ‘चोरी’ म्हणजे कृत्य अधिक हेतू, आणि हेतूचा एकही कागद माझ्याकडे नव्हता.

सेवानियमांतली कलमं मात्र शब्दशः, क्रमांकासह लिहिली. इथे मी अडखळले, कारण माझ्याकडची नियमांची प्रत जुनी होती आणि कलमांचे क्रमांक बदलले होते. लागू असलेली प्रत शोधायला अर्धा दिवस गेला. ती काकांना नेमणुकीच्या वेळी मिळाली होती का, तेही त्यांच्या फाइलमध्ये पाहिलं. पोच सापडली तेव्हा हायसं वाटलं.

शिक्षेबद्दल काय लिहायचं यावर थोडा वाद झाला. मला वाटत होतं की काहीच लिहू नये, म्हणजे पत्र सौम्य वाटेल. वकील म्हणाले, तेही बरोबर नाही. नोकरी जाऊ शकते हे माणसाला ठाऊक नसेल तर तो चार ओळींत माफी मागून मोकळा होईल आणि नंतर म्हणेल की मला कल्पनाच दिली नाही. म्हणून आम्ही लिहिलं की हे आरोप गंभीर स्वरूपाचे आहेत आणि चौकशीअंती सिद्ध झाल्यास सेवानियमांनुसार सेवासमाप्तीपर्यंतची कारवाई होऊ शकते. ‘होईल’ नाही, ‘होऊ शकते’. ‘अन्यथा सेवा समाप्त करण्यात येईल’ हे वाक्य काढलं. त्याजागी आलं, “मुदतीत खुलासा न मिळाल्यास आपणास काही सांगावयाचे नाही असे समजून उपलब्ध कागदपत्रांच्या आधारे पुढील कार्यवाहीबाबत निर्णय घेतला जाईल.”

मुदतीचे ४८ तास सात दिवस झाले. मॅनेजरसाहेबांना ते जास्त वाटले. मी त्यांना एकच हिशेब दाखवला: आम्हाला हे कागद वाचून, मोजून, चित्रण पाहून पत्र लिहायला आठ दिवस लागले होते, तेही तिघांना मिळून. काका एकटे होते, आणि त्यांना मेमधलं आठवायचं होतं. साहेबांनी मान हलवली. मुदत कधीपासून मोजायची तेही स्पष्ट लिहा. ‘सात दिवसांत’ म्हटलं की पत्राच्या तारखेपासून, की हातात पडल्यापासून, असा घोळ होतो. आम्ही ‘हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत’ असं छापलं आणि पत्र देताना प्रत्यक्ष तारीख हाताने भरली: मंगळवार, १७ जून, सायंकाळी ५ वाजेपर्यंत. खुलासा कुणाकडे द्यायचा, तेही लिहिलं. वाजवी कारण असल्यास मुदत वाढवून मिळण्यासाठी लेखी अर्ज करता येईल, खुलासा लिहिताना सहकाऱ्याची मदत घेता येईल, मूळ कागद व चित्रण कामाच्या वेळेत पाहता येईल, ही तीन वाक्यं जोडली. सोबत दोन्ही पास, नोंदवहीचं पान आणि मोजणीच्या दोन्ही तक्त्यांच्या प्रती लावल्या. ज्या कागदावर आपण आरोप उभा करतो तो समोरच्याला न दाखवता त्याला उत्तर मागणं मला तेव्हाही पटलं नसतं. पण प्रती लावायच्या हे माझ्या पहिल्या मसुद्यात सुचलंही नव्हतं.

एक गोष्ट मी मोहाने घातली होती, ती काढावी लागली. चार वर्षांपूर्वी काकांना उशिरा येण्याबद्दल एक ताकीद मिळाली होती. ‘यापूर्वीही आपल्याला ताकीद देण्यात आली आहे’ हे वाक्य वजनदार वाटत होतं. पण उशिरा येण्याचा आणि रिळांचा संबंध काय? तो पुढे शिक्षा ठरवताना विचारात घ्यायचा असेल तर तसं स्पष्ट सांगून त्यावरही त्यांचं म्हणणं मागावं लागलं असतं. आम्ही ते वगळलं.

सही मॅनेजरसाहेबांनी केली, कारण नियमांप्रमाणे नेमणुकीचा अधिकार त्यांचा. मी मोजणीत होते, म्हणजे उद्या साक्षीदार होणार. म्हणून चौकशी लागलीच तर ती आमच्यापैकी कुणीही करायची नाही, बाहेरचा अधिकारी नेमायचा, हेही त्याच दिवशी टिपून ठेवलं. काकांना निलंबित करायचं का, यावर आम्ही थांबलो. कागद आधीच सुरक्षित झाले होते, चित्रण हाती होतं. स्टोअरच्या किल्ल्या परत घेऊन पूर्ण पगारावर तात्पुरतं दुसऱ्या विभागात बसवणं पुरेसं होतं. तसं वेगळं पत्र दिलं आणि त्यात ही शिक्षा नाही असं लिहिलं.

मंगळवार, १० जून. सकाळी साडेअकराला मी काकांना छोट्या मीटिंगच्या खोलीत बोलावलं. सोबत लेखा विभागातल्या एक ज्येष्ठ बाई होत्या, पोच घेताना साक्षीला. पत्र मराठीत होतं. आमची बाकी पत्रं इंग्रजीत जातात, पण काका इंग्रजीत जेमतेम वाचतात. ज्या भाषेत माणूस उत्तर देणार त्याच भाषेत प्रश्न हवा.

त्यांनी चष्मा लावला आणि शेवटपर्यंत वाचलं. दहा-अकरा मिनिटं लागली असतील. आम्ही दोघी गप्प बसलो. मग पत्र टेबलावर ठेवून ते म्हणाले, “मॅडम, म्हणजे मला काढलं?”

“नाही काका. यात तुमचं म्हणणं मागितलंय. अजून काहीच ठरलेलं नाही.”

“मग सही केली तर कबूल केलं असं होईल ना?”

मी पोचेची ओळ दाखवली. तिथे मुद्दाम छापलं होतं, ‘पत्र व सहपत्रे मिळाली. या सहीचा अर्थ मजकूर मान्य आहे असा नाही.’ त्यांनी ती दोनदा वाचली आणि सही केली. नसती केली तर जबरदस्ती करायची नाही, त्यांच्यासमोर पत्र वाचून दाखवायचं, ‘स्वीकारण्यास नकार’ असा शेरा दोन साक्षीदारांच्या सह्यांनी लिहायचा आणि त्याच दिवशी नोंदणीकृत टपालाने घरच्या पत्त्यावर पाठवायचं, अशी तयारी होती. पाकीटही लिहून ठेवलं होतं. ते लागलं नाही.

ते निघताना काही बोलू लागले. मी त्यांना थांबवलं, आणि मला ते जड गेलं. पण त्या खोलीत तोंडी जे निघालं असतं ते ना त्यांच्या कामाचं होतं ना आमच्या. “काका, हे सगळं लिहा. जसं घडलं तसं लिहा,” एवढंच मी म्हटलं.

पुढचे दिवस वाईट गेले. प्रकरण चौघांनाच माहीत होतं, पण काका स्टोअरमध्ये नाहीत हे साठ जणांना दिसत होतं. विचारणाऱ्यांना मी एकच वाक्य सांगत राहिले, ‘तात्पुरती बदली आहे.’ १२ तारखेला काका मूळ कागद आणि चित्रण पाहून गेले. १६ तारखेला त्यांनी तीन दिवस वाढवून मागितले. लिहायला मदत करणारा सहकारी गावी गेला होता. आम्ही त्याच दिवशी लेखी उत्तर देऊन शुक्रवार, २० जूनपर्यंत मुदत वाढवली.

खुलासा १९ ला आला. हाताने लिहिलेली अडीच पानं, आमच्याच क्रमांकांप्रमाणे.

पहिल्या आरोपावर: पास मी केला. उत्पादन विभागाच्या सुपरवायझरने फोनवर सांगितलं की बाहेरच्या कंत्राटदाराकडे तातडीने चार रीळं द्यायची आहेत, सही नंतर करतो. पुस्तकात ‘जॉबवर्क’ असा रकाना नाही म्हणून ‘दुरुस्ती’ लिहिलं. तिसऱ्यावर: ३७ मी लिहिले होते. दोन दिवसांत रीळं परत येतील, शिल्लक कमी करू नका, असं सांगितल्यावर मीच ४१ केले. चूक झाली.

दुसऱ्या आरोपाखाली दोनच वाक्यं होती: “२३ मे रोजी मी अर्ध्या दिवसाच्या रजेवर होतो. पुस्तकातले काही कोरे पास हेल्परची अडचण होऊ नये म्हणून मी आधीच सही करून ठेवत असे.”

मी हजेरी काढली. २३ मे, बाहेर पडण्याची वेळ १ वाजून ३५ मिनिटं. रजेचा अर्ज माझ्याच मंजुरीचा होता. हजेरी माझ्याच खात्यात, माझ्याच संगणकावर. आठ दिवस आम्ही पास, वही, चित्रण तपासत होतो आणि त्या वेळी तो माणूस आवारात होता का, हे मी पाहिलं नव्हतं. चित्रणात ते दिसत नव्हते ते कडेला होते म्हणून नाही, तिथे नव्हतेच म्हणून. नोटीस लिहिणाऱ्या प्रत्येकाला मी हे कळवळून सांगते: आरोपातल्या प्रत्येक तारखेची हजेरी आणि रजा आधी काढा. आणि एका गोष्टीचा विचार माझ्या मनातून अजून जात नाही. पहिला मसुदा तसाच गेला असता तर ‘आपण चोरून नेली हे सिद्ध झाले आहे’ या वाक्यात ही दोन रीळंही होती.

मंगळवार, २४ जूनला आरोप क्रमांक दोन मागे घेतल्याचं स्वतंत्र पत्र काकांना दिलं. नुसतं पुढे त्याबद्दल गप्प बसता आलं असतं, पण लेखी घेतलेला आरोप लेखीच मागे घ्यायला हवा.

मग प्रश्न उरला कोऱ्या पासांवर आधीच सह्या करण्याचा. तो खरा गंभीर होता, आणि त्यांनी स्वतःच कबूल केला होता. मॅनेजरसाहेब म्हणाले, “कबूल आहे, मग धरा की तोही.” पण आमच्या नोटिशीत तो आरोप नव्हता. जे विचारलंच नाही त्याबद्दल शिक्षा करता येत नाही, खुलाशात सापडलेलं असलं तरी. म्हणून २५ जूनला पूरक कारणे दाखवा नोटीस दिली. तीच रचना, एकच आरोप, पुन्हा सात दिवस, २ जुलैपर्यंत. पुस्तकात सही केलेले आणखी तीन कोरे पास सापडले होते, त्यांच्या प्रती जोडल्या. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, सहा ओळींचं. सुपरवायझरलाही त्याच आठवड्यात नोटीस गेली, कारण काकांच्या खुलाशावरून त्याला दोषी धरणं हीदेखील तीच चूक ठरली असती.

पुढची चौकशी बाहेरच्या अधिकाऱ्याने जुलैत दोन बैठकांत केली. कंत्राटदाराकडे चार रिळांची पोच सापडली, माल कामात वापरला गेला होता. मंजुरीशिवाय पास करणं, नोंदवहीतला बदल आणि कोऱ्या पासांवरच्या सह्या हे तिन्ही आरोप सिद्ध झाले. काकांची एक वार्षिक वेतनवाढ रोखली गेली आणि त्यांची स्टोअरमधून कायमची बदली झाली. दोन रिळांचा माग वेगळ्या प्रकरणात चालू आहे. गेटपासच्या पुस्तकात ‘जॉबवर्क’ हा रकाना आला आणि पुस्तक आता सिक्युरिटीच्या कपाटात असतं.

अंतिम आदेश द्यायला मी काकांना पुन्हा त्याच खोलीत बोलावलं. त्यांनी तो वाचला, पोच दिली. मग विचारलं, “मॅडम, ते दोन नंबरचं मागे घेतल्याचं पत्र, ते माझ्या फाइलमध्ये लागलंय का?”

मी फाइल उघडून त्यांच्यासमोर ठेवली. पान क्रमांक ३१. त्यांनी ते पान पाहिलं, वरची तारीख पाहिली आणि त्याची आणखी एक प्रत मागितली, घरी ठेवायला.